उत्तर काढलं, पण नोंदलं का?

एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. पण बारावीचं वर्ष अजूनही वही, पेन आणि छापील प्रश्नसंचांवरच जातं. मुलं सराव कागदावर करतात आणि परीक्षा पडद्यावर देतात. या दोन्हींतल्या फरकामुळे गुण नेमके कुठे जातात, हे शोधता येतं, आणि एकदा कळलं की आठवड्याच्या वेळापत्रकात थोडीशी जागा काढून ते वाचवताही येतात.

पीसीएम गटाचा पेपर १८० मिनिटांचा. पहिल्या ९० मिनिटांत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, प्रत्येकी ५० प्रश्न, एकेका गुणाचे. पुढच्या ९० मिनिटांत गणित, ५० प्रश्न, दोन-दोन गुणांचे. पहिला भाग लवकर संपला म्हणून वाचलेला वेळ गणिताला मिळत नाही, आणि गणित सुरू झालं की मागं फिरताही येत नाही. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद, गणितात १०८. त्या ५४ सेकंदांतच पडद्यावर वाचायचं, रफ कागदावर सोडवायचं, परत पडद्याकडे वळायचं, माउसने पर्याय निवडायचा आणि तो जतन करायचा.

यातली जतन करण्याची पायरी सगळ्यांत जास्त दगा देते. पर्यायापुढच्या गोलावर क्लिक केलं की उत्तर नोंदलं गेलं, असं मुलांना वाटतं. ते नोंदलं जातं Save & Next दाबल्यावर. उजवीकडे प्रश्नक्रमांकांचा तक्ता असतो. गोल निवडून थेट त्या तक्त्यातल्या दुसऱ्या क्रमांकावर उडी मारली, तर आधीच्या प्रश्नाचं उत्तर जतन होत नाही. सूचनांच्या पानावर हे लिहिलेलं असतं, पण त्या वेळी ते कोण वाचतंय! तक्त्याचे रंग मात्र खरं ते सांगतात. हिरवा म्हणजे उत्तर नोंदलं. लाल म्हणजे प्रश्न उघडला, पण उत्तर नाही. पांढरा किंवा करडा म्हणजे उघडलाच नाही. जांभळा म्हणजे पुन्हा बघायला ठेवला. त्यावर हिरवी खूण असेल तर उत्तर नोंदलेलं आहे आणि ते तपासलं जाईल, खूण नसेल तर कोरा.

दुसरी गळती उतरवून घेताना होते. छापील कागदावर आपण ‘नाही’ या शब्दाखाली रेघ मारतो, दिलेल्या किमतींना गोल करतो, चुकीचे पर्याय खोडतो, आकृतीवरच बाण काढतो. पडद्यावर यातलं काहीच करता येत नाही. मान वर-खाली होताना उणे चिन्ह सुटतं, सेंटिमीटरचे मीटर करायचे राहतात, उत्तर क आलेलं असताना हात ब वर पडतो. यावर उपाय साधा, पण सवयीचाच. रफ कागदाची घडी घालून चौकटी करायच्या, प्रत्येक चौकटीत आधी प्रश्नक्रमांक लिहायचा, दिलेल्या किमती एककांसह एकदाच उतरवायच्या आणि शेवटी पर्यायाचं अक्षर लिहून त्याला गोल करायचा. घरी उरलेल्या कागदाच्या कोपऱ्यात गिचमिड आकडेमोड करणाऱ्याला परीक्षेच्या दिवशी ही शिस्त आपोआप येत नाही.

आता एक नमुना हिशोब पाहू. समजा एका मुलीने रविवारी सराव परीक्षेचा पहिला भाग दिला: १०० पैकी ६४ बरोबर, २२ चूक, १४ कोरे. बहुतेक घरांत इथे ‘अजून अभ्यास हवा’ एवढंच बोलून विषय संपतो. त्याऐवजी तिने रफ कागद समोर घेऊन चुकलेले आणि कोरे प्रश्न वेळ न लावता पुन्हा सोडवले. २२ चुकांपैकी १३ प्रश्न तिला आताही येत नव्हते. तीन आकडेमोडीत गेले होते. सहा मात्र किंमत चुकीची उतरवल्याने किंवा भलत्याच पर्यायावर क्लिक झाल्याने गेले होते. १४ कोऱ्यांपैकी नऊ तिने उघडलेच नव्हते. उरलेले पाच तक्त्यात लाल होते, आणि रफ कागदावर त्यांची बरोबर उत्तरं गोल करून ठेवलेली होती. सहा आणि पाच, असे ११ गुण तिला येत असूनही गेले. ते मिळवायला नवा धडा वाचायची गरज नाही.

ते नऊ प्रश्नही सोडून देण्यासारखे नाहीत. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे कोरा प्रश्न ठेवण्यात काहीच फायदा नाही. प्रत्येक भागाची शेवटची तीन मिनिटं राखून ठेवायची, तक्त्यातले हिरवे नसलेले क्रमांक एकेक उघडायचे, पर्याय निवडून जतन करायचे. जेईई मेनला मात्र ही युक्ती नेऊ नये. तिथे चुकीला एक गुण वजा होतो.

आठवड्यात हे बसवायचं कसं? रोज पूर्ण पेपर देण्याचा सध्याचा सपाटा मला पटत नाही. तीन तास पेपर आणि मग दमलेलं डोकं, चुका तपासायला कुणी उरतच नाही. मंगळवारी भौतिक आणि रसायनचे २० प्रश्न १८ मिनिटांत, गुरुवारी गणिताचे १० प्रश्न तेवढ्याच वेळात, आणि रविवारी पूर्ण पेपर. १८ मिनिटं हा आकडा वर सांगितलेल्या सेकंदांवरूनच येतो. मंगळवारी गुणांकडे बघायचंच नाही. रफ कागदावरची उत्तरं आणि जतन झालेली उत्तरं जुळतात का, एवढंच तपासायचं. रविवारचा पेपर सकाळी नऊला किंवा दुपारी दोनला, प्रवेशपत्र आल्यावर आपल्या सत्राच्या वेळेलाच. दुपारचं सत्र असेल तर जेवणानंतरची सुस्ती किती नडते, हेही आधीच कळतं.

घरात संगणक नसेल तर मोबाइलवरचा सराव पुरेल का? निम्माच. बोटाने टॅप करणं आणि माउसने नेमक्या जागी जाणं यांत फरक आहे, शिवाय छोट्या पडद्यावर प्रश्नांचा तक्ता बहुधा लपलेला असतो. ओटीजी जोडणी लावून साधा माउस बऱ्याच अँड्रॉइड फोनना चालतो. ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट सुरू केली तर तक्ताही बाजूला दिसू शकतो. पण रविवारचा पेपर तरी कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सायबर कॅफेत, उभ्या मॉनिटरसमोर बसून द्यावा. आजूबाजूला खुर्च्या सरकत असल्या तर उत्तमच, परीक्षा केंद्रातही शांतता नसते.

प्रत्येक रविवारी ‘उतरवण्यात गेले’ आणि ‘जतन करायचे राहिले’ हे दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत. ते दोन-तीन रविवार शून्याजवळ राहिले की पडद्याची सवय झाली. मग मंगळवार-गुरुवारची सत्रं बंद करून तो वेळ पुन्हा त्या १३ न येणाऱ्या प्रश्नांच्या धड्यांना द्यावा. पडद्याचा सराव कितीही केला तरी त्यातून स्थिर विद्युतिकी येणार नाही. आकडे दीड महिन्यानंतरही हलले नाहीत, तर अडचण पडद्याची नसून घाईची असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी प्रश्न कमी करून सावकाश सोडवून पाहावेत.

केंद्रावर गेल्यावर सूचनांचं पान उघडं असतानाच माउस फिरवून, क्लिक करून बघावा. तो अडकत असेल तर पेपर सुरू होण्याआधीच हात वर करून बदलून मागावा. मध्येच संगणक बंद पडला, तरीही तेच: स्वतः काही दाबत बसू नये, पर्यवेक्षकांना बोलवावं. जतन केलेली उत्तरं सर्व्हरवर असतात आणि दुसऱ्या संगणकावर पेपर तिथूनच पुढे सुरू होतो.