जुना कॅमेरा विकताना जाहिरातीत काय लिहावं

जयनगरच्या चौथ्या ब्लॉकातून बोलतोय. बाहेर नेहमीसारखी भुरभुर चालू आहे आणि समोर टेबलावर माझा कॅमेरा आहे. म्हणजे कालपर्यंत होता. आता तो बेळगावला गेला. तो गेला कसा, त्याची जाहिरात मी आधी चुकीची कशी लिहिली आणि मग दुरुस्त कशी केली, हे आज सांगतो. तुमच्याही कपाटात एखादा जुना कॅमेरा पडून असेल. उद्या विकायचा झाला किंवा कुणाचा घ्यायचा झाला, तर हे उपयोगी पडेल.

कॅमेरा निकॉन डी७२००, २०१६ साली घेतलेला. सोबत दोन लेन्स. एक १८-१४० मिलिमीटरची झूम आणि एक ५० मिलिमीटरची, एफ १.८ वाली. निवृत्तीनंतर लालबागेतले पक्षी आणि ऑगस्टमधलं फुलांचं प्रदर्शन, एवढाच माझा व्याप. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून विकायचं ठरवलं. पहिली जाहिरात चार ओळींची होती: "एकाच मालकाचा, अगदी कमी वापरलेला, उत्तम स्थितीत, फंगस नाही." दुसऱ्याच दिवशी बेळगावहून एका तरुणाचा फोन आला. लग्नाचे फोटो काढायचा धंदा सुरू करतोय, म्हणाला. आणि मग एकच प्रश्न विचारला: "काका, शटर काउंट किती?"

मी म्हटलं, "कमीच असेल रे." आणि बोलता बोलता माझीच मला लाज वाटली. फौजेत चार्ज देताना-घेताना "कमीच असेल" असं कुणी लिहून दिलं असतं, तर मी त्या कागदावर सही केली असती का? तिथे प्रत्येक वस्तू मोजून, बघून, चालू की नादुरुस्त ते लिहून मगच सही होते. मी त्याला म्हटलं, "दोन दिवस दे. नीट तपासून सांगतो."

पहिलं काम शटरचं. कॅमेऱ्यात सेन्सरपुढे पडद्यासारखी यांत्रिक झडप असते. प्रत्येक फोटोला ती उघडते आणि मिटते. गाडीच्या किलोमीटरसारखी ती किती वेळा हलली याची मोजणी कॅमेरा ठेवतो. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये ही संख्या प्रत्येक मूळ फोटोच्या फाइलमध्ये लिहिलेली असते. फक्त ती फोनच्या गॅलरीत दिसत नाही. मी एक ताजा फोटो काढला, कार्डवरून थेट संगणकावर घेतला आणि एक्झिफटूल नावाच्या मोफत प्रोग्रामने ही आज्ञा दिली:

```
exiftool -Model -SerialNumber -ShutterCount DSC_6120.JPG
```

आकडा आला ४१,३८६. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फाइलच्या नावातला ६१२० म्हणजे शटर काउंट नव्हे. तो क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ होतो आणि मेन्यूतून हवा तेव्हा शून्यावरही आणता येतो. दुसरं, फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून जाते. एडिट करून साठवला तरी ती बहुधा जाते. म्हणून घेणाऱ्याने मूळ फाइल ई-मेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून मागावी. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हा आकडा फोटोत नसतोच. तिथे कॅमेरा केबलने संगणकाला जोडून वेगळ्या प्रोग्रामने तो वाचावा लागतो.

आता ४१,३८६ म्हणजे चांगला की वाईट? या मॉडेलचं शटर कंपनीने दीड लाख वेळा चालवून तपासलेलं आहे. दीड लाखातून वजा केले तर १,०८,६१४ उरतात. त्या पोराला एका लग्नात दोन हजार फोटो लागतात, म्हणजे हिशेबाने चौपन्न लग्नं. पण ही काही हमी नाही. एखादं शटर ऐंशी हजारांवर बसतं, एखादं दोन लाखांपुढे चालतं. शिवाय कॅमेऱ्यावर व्हिडिओ किती तास घेतला, तो उन्हात किती तापला, हे या आकड्यात येत नाही. म्हणून आकडा आणि बाहेरची झीज एकत्र बघायची. आकडा पाच हजार आणि पकडीचं रबर गुळगुळीत, तर काहीतरी गडबड आहे असं समजा.

दुसरं काम सेन्सरवरच्या धुळीचं. लेन्स बदलताना आत कण जातात. उघड्या अॅपर्चरवर ते दिसत नाहीत, छिद्र लहान केलं की दिसतात. म्हणून मी आयएसओ १०० आणि अॅपर्चर एफ १६ ठेवलं, फोकस हाताने मुद्दाम बिघडवला आणि पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. शटर उघडं असताना कॅमेरा किंचित हलवत राहिलो, म्हणजे भिंतीवरचे डाग पुसट होतात आणि सेन्सरवरचे तेवढे जागच्या जागी राहतात. तीन करडे ठिपके दिसले. मेन्यूतली सेन्सर साफ करायची सोय दोनदा चालवली. दोन गेले, उजवीकडे वरचा एक राहिला. लेन्स बदलून पुन्हा फोटो काढला, तरी तो तिथेच. म्हणजे तो सेन्सरवरचाच. व्ह्यूफाइंडरमधून दिसणारी धूळ मात्र निराळी. ती फोटोत कधीच येत नाही, तिची चिंता नको.

तिसरं काम लेन्सचं, आणि इथेच माझं पितळ उघडं पडलं. "फंगस नाही" हे मी ट्यूबलाइटखाली लेन्स धरून लिहिलं होतं. तशी ती दिसत नाही. खोलीत अंधार करायचा, लेन्सची दोन्ही टोपणं काढायची आणि एका टोकाकडून मोबाइलचा टॉर्च तिरका धरून दुसऱ्या टोकाने बघायचं. मग उलटं करून पुन्हा बघायचं. या दोन्ही लेन्स कॅमेऱ्यावरून काढल्या की त्यांची आतली पाती मिटलेली असतात. मागच्या बाजूला एक छोटी पत्र्याची दांडी असते, ती बोटाने अलगद सरकवून धरली की पाती उघडतात. पाती मिटलेली ठेवून तपासलं, तर फक्त मधला भाग दिसतो आणि कडा झाकलेल्या राहतात. फंगस बहुतेकदा कडेपासूनच सुरू होते.

झूममध्ये सात-आठ बारीक ठिपके होते. ती धूळ. इतक्या वर्षांच्या झूम लेन्समध्ये ती असणारच, आणि फोटोत ती उतरत नाही. पण ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये मागच्या काचांच्या कडेला पांढरट धागे दिसले, झाडाच्या मुळासारखे फाटे फुटलेले. धूळ म्हणजे सुटे ठिपके. केस किंवा तंतू म्हणजे एकच सलग रेघ. फाटे फुटलेले दिसले की फंगस. काच सगळीकडे दुधाळ दिसली, तर ते तिसरंच, आत बसलेलं बाष्प किंवा तेलाचा पातळ थर.

ती लेन्स मी चामड्याच्या पाकिटात घालून, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात दोन पावसाळे ठेवली होती. बेंगळुरू काही कोकण नाही, इथे कसली बुरशी, असं मला वाटायचं. आता त्या कपाटात आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलंय. ते बहात्तर टक्के दाखवतं. साठच्या वर दीर्घकाळ राहिलं की फंगसला पोषक. चामडं तर ओल धरूनच ठेवतं.

फोटोत फरक पडतो का, तेही बघितलं. साध्या उजेडात काही कळलं नाही. दिवा चौकटीच्या कोपऱ्यात घेऊन फोटो काढला, तेव्हा काळा भाग राखाडी झाला. लग्नाच्या मांडवात दिवे असतातच. शिवाय फंगस काचेवरचा लेप कोरते. साफ केली तरी कधी कधी खुणा राहतात.

त्याच रात्री बेळगावला फोन लावला. "अरे, मी चूक लिहिलं होतं. पन्नासच्या लेन्सला फंगस आहे." तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "काका, फोटो पाठवाल?" टॉर्चच्या उजेडात काढलेला फोटो पाठवला आणि जाहिरातही बदलली. ती अशी झाली:

"निकॉन डी७२००, खरेदी २०१६, बिल आहे, वॉरंटी संपली. शटर काउंट ४१,३८६, मूळ फाइल मागितल्यास देईन. सेन्सरवर एक ठिपका, एफ १६ चा फोटो जोडला आहे. पकडीचं रबर घट्ट, तळाला दोन ओरखडे.
१८-१४० लेन्स: आत थोडी धूळ, फंगस नाही. पाती उघडून, दोन्ही बाजूंनी टॉर्चने तपासली.
५० लेन्स: मागच्या काचांच्या कडेला फंगस, फोटो जोडला आहे. उजेडासमोर फोटो फिका येतो. आठ हजारांऐवजी तीन हजार. नको असेल तर वेगळी ठेवतो.
खोक्यात: बॉडी, बॉडीचं टोपण, मूळ बॅटरी (मेन्यूत वय ४ पैकी २), चार्जर, पट्टा, यूएसबी केबल, माहितीपुस्तिका, दोन्ही लेन्सची पुढची-मागची टोपणं. दुसरी बॅटरी आहे, पण मूळ कंपनीची नाही. व्ह्यूफाइंडरचं टोपण हरवलं. मेमरी कार्ड देत नाही."

खोक्यात काय नाही, तेही लिहायचं. नाहीतर घेणारा आपल्या मनाने ते धरून चालतो आणि दारात वाद होतो. बॅटरीचं वय निकॉनच्या मेन्यूत बॅटरी माहितीखाली दिसतं. शून्य म्हणजे नवी, चार म्हणजे बदला. सीरियल नंबर जाहिरातीत पूर्ण टाकू नका, पण समोर आल्यावर बॉडी, खोकं आणि बिल या तिन्हींवरचा जुळवून दाखवा. माल चोरीचा नाही, याची घेणाऱ्याला तीच खात्री.

परवा रात्री तो राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघाला. सकाळी मॅजेस्टिकहून मेट्रोने जयनगर, आणि नऊ वाजता माझ्या दारात. चहा व्हायच्या आतच त्याने खिशातून टॉर्च काढला. मी खोलीचे पडदे ओढून दिले. जाहिरातीतली एकेक ओळ त्याने स्वतः करून बघितली: भिंतीचा फोटो, दांडी सरकवून लेन्स, शटरचा आकडा. आकडा मधल्या फोटोंमुळे अठ्ठावीसने वाढला होता. तेही त्याने वहीत टिपलं. बॉडी आणि झूम घेतली. पन्नासची ठेवून गेला. "काका, हिच्यासाठी पैसे साठवून चांगली घेतो." बरोबरच केलं त्याने.

ती लेन्स आता वेगळ्या डब्यात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, बाकीच्यांपासून लांब. चामड्याचं पाकीट टाकून दिलं. तुम्ही जाहिरात लिहाल तेव्हा "उत्तम स्थितीत" खोडा आणि त्या जागी काय तपासलं, कसं तपासलं आणि काय दिसलं ते लिहा. वाचणाऱ्याला तुमच्या टेबलाशी येऊन तेच पुन्हा करता आलं पाहिजे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.