मीटर वीस व्होल्ट दाखवतो, तरी बॅटरी चढत नाही

शेतातल्या खोपीवर किंवा टपरीच्या पत्र्यावर १०० वॅटचं सोलर पॅनल असतं. रात्री दिवा लवकर विझायला लागला की इलेक्ट्रिशियन येतो, मीटरच्या पिना पॅनलच्या वायरींना लावतो आणि २० व्होल्ट दिसले की निकाल देतो: पॅनल ओके, बॅटरी बदला. मग नवी बॅटरीही आठ दिवसांत तशीच मान टाकते. त्या २० व्होल्टनी पॅनलबद्दल फार थोडं सांगितलेलं असतं.

पॅनलच्या मागचं लेबल आधी वाचावं. अशा पॅनलवर व्हीओसी सुमारे २२ व्होल्ट आणि आयएससी ६ अँपिअर लिहिलेलं असतं. काहीही न जोडता दोन टोकांत मिळतो तो पहिला आकडा. दोन्ही टोकं थेट एकमेकांना जोडल्यावर वाहतो तो दुसरा. त्यांचा गुणाकार १३२ येतो म्हणून पॅनल १३२ वॅटचं होत नाही. टोकं मोकळी असताना करंट नसतो, जोडलेली असताना व्होल्टेज नसतं, म्हणजे दोन्ही वेळा पॅनलचं काम शून्य. खरं काम मधे कुठेतरी, १८ व्होल्ट आणि साडेपाच अँपिअरच्या आसपास होतं.

व्होल्टेज आधी बघू. मीटर डीसी २०० वर ठेवायचा. २० वर ठेवला तर पडद्यावर नुसता १ दिसतो आणि माणूस मीटरलाच दोष देतो. पॅनलमध्ये ३६ सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येकाचे सुमारे ०.६ व्होल्ट असतात. तेवढं व्होल्टेज यायला थोडा उजेडही पुरतो, म्हणून ढगाळ सकाळीही १९–२० दिसतात. उलट उन्हाळ्यात ते घटतं. लेबलवरचे आकडे सेलचं तापमान २५ अंश धरून दिलेले असतात. एप्रिलच्या दुपारी सेल ६० अंशांवर जातो आणि दर अंशाला साधारण ०.३ टक्के व्होल्टेज कमी होतं. २२ चे १९.७ झाले तर तो बिघाड नव्हे. पण ११ दिसले तर मात्र मागच्या डबीकडे वळावं. तिथे बहुधा दोन बायपास डायोड असतात, प्रत्येक १८ सेलांसाठी एक. त्यातला एक शॉर्ट झाला की अर्धं पॅनल गेलंच.

करंट मोजताना मात्र जपून. पॅनल कंट्रोलरपासून सोडवायचं, त्यावर जाड गोणपाट टाकायचं, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घालून मीटरही १० अँपिअर डीसीवर आणायचा आणि वायरी जोडून गोणपाट काढायचं. आकडा वाचायला काही सेकंद पुरतात. स्वस्त मीटरच्या या भोकाला बऱ्याचदा फ्यूजही नसतो. सोडवताना पुन्हा झाकायचं, नाहीतर ठिणगी उडते. पॅनल आयएससीपेक्षा फारसा जास्त करंट देऊच शकत नाही, म्हणून त्याला शॉर्ट केलेलं चालतं. बॅटरीला असं कधीही करू नये. मोजून झाल्यावर लाल पिन लगेच व्होल्टच्या भोकात परत घालावी. ती तशीच ठेवून बॅटरीचं व्होल्टेज तपासायला गेलं तर मीटर आणि वायरी दोन्ही जळतात. घराच्या छतावरच्या ५४० वॅटच्या पॅनलचा करंट १३ अँपिअरपुढे जातो, त्याला डीसी क्लॅम्प मीटर लागतो. सौर पंपाच्या पॅनलांची माळ तर शेकडो व्होल्टची असते. तिच्या वाटेला या मीटरने जाऊच नये.

करंट उन्हाच्या प्रमाणात वाढतो. निम्म्या उन्हात ३ अँपिअर, स्वच्छ दुपारी सूर्याकडे तोंड केल्यावर पाचच्या पुढेमागे. चारच आले तर पॅनल धुऊन पुन्हा मोजावं. पुष्कळदा दोष धुळीचाच निघतो.

आता खरी मेख. व्होल्टेज १९.७, करंट ५.१, दोन्ही झकास, तरी बॅटरी चढत नाही, असं होऊ शकतं. समजा, एका सेलवर कबुतराची जाड विष्ठा वाळली आहे, किंवा काचेखाली सेल तडकलाय. टोकं मोकळी असताना करंटच नसतो, म्हणून हा अडथळा व्होल्टेजमध्ये जवळजवळ दिसत नाही. शॉर्ट केल्यावर बायपास डायोड त्या १८ सेलांना वळसा घालून देतो आणि उरलेले १८ सेल पूर्ण करंट ढकलतात. बॅटरी जोडली की मात्र साडेबारा–तेरा व्होल्ट लागतात, आणि अर्ध्या पॅनलला नऊच जमतात.

म्हणून तिसरं माप बॅटरी जोडून घ्यावं. बॅटरी थोडी उतरलेली हवी, कारण ती भरलेली असली तर कंट्रोलर स्वतःच करंट कमी करतो. साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरवर, भर उन्हात, पॅनलच्या वायरीतून पाचच्या आसपास करंट जायला हवा. शॉर्टवर ५.१ आणि बॅटरीवर ०.७ अशी तफावत दिसली तर पॅनलवर एकेक सेल बघत जावं: विष्ठा, चिकटलेलं पान, फांदीची सावली, तपकिरी डाग. वरची घाण ओल्या फडक्याने निघते. तडकलेला सेल काचेखाली चिकटवून बंद केलेला असतो, त्याला डाग देता येत नाही. तिथे पॅनलच बदलावं लागतं.