राखीगढीच्या हाडातला डीएनए

हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी दफनभूमीतल्या सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले गेले. वापरण्याजोगा डीएनए एकाच स्त्रीचा निघाला. तो तिचाच, हाताळणाऱ्यांचा नव्हे, हे कसं ओळखायचं? जुन्या डीएनएचे तुकडे आखूड असतात. त्यांच्या उघड्या टोकांशी सायटोसिनमध्ये रासायनिक बदल होतो आणि वाचताना तिथे थायमिन दिसतं. ताज्या डीएनएत ही खूण जवळपास नसतेच. शिवाय मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. त्यात दोन वेगळे वाण दिसले, तर भेसळीचा संशय पक्का.

२०१९च्या शोधनिबंधानुसार या स्त्रीत स्टेपमधल्या पशुपालकांचा वंशांश आढळला नाही. पण ती कोणती भाषा बोलायची, हे डीएनए सांगत नाही; आणि एकटीवरून सगळ्या सिंधू संस्कृतीचा निवाडा करणं मला अजिबात पटत नाही.