कुणाच्या मशीनवर काय बाकी आहे?

एक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी अमेरिकन कंपनी. मार्च २०१७ मध्ये ‘अपाचे स्ट्रट्स’ या सॉफ्टवेअरमधली गंभीर त्रुटी जाहीर झाली, दुरुस्तीही लगेच मिळाली. ‘४८ तासांत अपडेट करा’ असा ईमेल कंपनीत फिरला. पण ज्यांना तो गेला त्यांची यादीच जुनी होती. ज्यांनी अपडेट करायचं, त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली.

म्हणून जाणते सिस्टिम अ‍ॅडमिन नुसत्या सूचनेवर विसंबत नाहीत. मशीनची एक यादी ठेवतात: मशीनचं नाव, त्यावरचं काम आणि जबाबदार माणूस. रोज पहाटे एक स्क्रिप्ट ही यादी घेऊन प्रत्येक मशीनला विचारते, तुझं काय बाकी आहे? उबंटू सर्व्हरवर हा प्रश्न असा विचारतात:

```
apt-get -s dist-upgrade | grep '^Inst' | grep -i security
```

यातल्या `-s` मुळे काहीही बसवलं जात नाही. बसवलं असतं तर काय बसलं असतं, एवढंच कळतं. त्यातल्या सुरक्षेच्या ओळी मोजायच्या आणि जबाबदार माणसाप्रमाणे गट करायचे. चाळीस मशीनची लांबलचक यादी सगळ्यांना पाठवली तर ती कुणीच वाचत नाही. ‘तुमची दोन मशीन, एकावर ओपनएसएसएल नऊ दिवसांपासून बाकी’ एवढंच आलं, तर काम होतं.

खरी फसगत शून्यात असते. आधी `apt-get update` चाललेलं नसेल, तर मशीन जुन्याच माहितीवर ‘काही बाकी नाही’ म्हणतं. मशीन बंद असेल तर उत्तरच येत नाही, आणि कच्ची स्क्रिप्ट त्यालाही शून्य समजते. म्हणून ‘उत्तर नाही’ हा रकाना वेगळा हवा, आणि माहिती शेवटची कधी ताजी झाली ती तारीखही हवी. तिसरी गोष्ट रीस्टार्टची. नवं कर्नल बसलं तरी रीस्टार्ट होईपर्यंत जुनंच चालू राहतं. `/var/run/reboot-required` ही फाइल दिसली, तर काम अर्धवट आहे असं समजावं.

या तपासणीला मर्यादाही आहे. `apt` ने बसवलेलंच तिला दिसतं. प्रोग्रॅमरने स्वतःच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये घातलेली स्ट्रट्ससारखी लायब्ररी तिला दिसत नाही. त्यासाठी वेगळा स्कॅनर लागतो.

अहवालात ज्या मशीनपुढे नावच नाही, ते सगळ्यात वर छापावं आणि थेट विभागप्रमुखाकडे पाठवावं. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावरचं मशीनही त्यातच धरावं. आठवडाभरात कुणी ‘माझं’ म्हटलं नाही, तर ते चालू ठेवायचंच कशाला, याचा निर्णय विभागप्रमुखाने घ्यावा.