गळकी बादली आणि दोन तराजू

तीन घरांची एक वस्ती डोळ्यांसमोर आणा. घरांचं महिन्याचं उत्पन्न ९, ३६ आणि ८१ हजार रुपये. ही पहिली वाटणी. मग तिसऱ्या घरावर कर बसतो, त्यातून पहिल्या घराला मदत मिळते आणि उत्पन्नं १६, ३६ आणि ४९ हजार होतात. ही दुसरी वाटणी. वरच्या घराचे ३२ हजार कमी झाले, खालच्या घरात मात्र ७ हजारच पोचले. उरलेले २५ हजार वाटेत गळाले. काही वसुलीच्या खर्चात गेले. काही कमावलेच गेले नाहीत, कारण कर वाढल्यावर तिसऱ्या घराने जास्तीचं काम घेणं सोडलं. अमेरिकन अर्थतज्ज्ञ आर्थर ओकन यांनी १९७५ साली अशा फेरवाटपाला गळक्या बादलीची उपमा दिली होती. बादली किती गळेपर्यंत पाणी वाहत राहायचं, हा त्यांचा प्रश्न.

जेरेमी बेंथमपासून चालत आलेला उपयुक्ततावाद सांगतो, सगळ्यांच्या समाधानाची बेरीज करा आणि जिथे ती मोठी असेल ती वाटणी निवडा. इथे अनेकांची एक चूक होते. ते रुपयांची बेरीज करतात, १२६ विरुद्ध १०१, आणि पहिल्या वाटणीला जिंकवतात. पण बेरीज समाधानाची करायची आहे, रुपयांची नव्हे. नऊ हजारांत भागवणाऱ्या घराला आणखी हजार रुपये मिळाले तर किराणा सुटतो. एक्याऐंशी हजारांच्या घराला ते जाणवतही नाहीत. बारावीच्या अर्थशास्त्रात भेटणारा घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त तो हाच.

हे समाधान किती वेगाने घटतं? समजा, ते उत्पन्नाच्या वर्गमुळाइतकं आहे. मग पहिल्या वाटणीत ३, ६ आणि ९ मिळून १८ होतात. दुसरीत ४, ६ आणि ७ मिळून १७. पहिली वाटणी जिंकली. आता समजा, समाधान त्याहून वेगाने घटतं, म्हणजे ते लॉगॅरिदमने मोजायचं. या मापात उत्पन्न किती पट झालं एवढंच महत्त्वाचं. खालचं घर १६ भागिले ९, म्हणजे सुमारे १.७८ पट वर आलं. वरचं घर ८१ भागिले ४९, म्हणजे सुमारे १.६५ पट खाली गेलं. चढ उतारापेक्षा मोठा, म्हणून दुसरी वाटणी जिंकली. वस्ती तीच, नियम तोच, तरी निकाल उलटला. उपयुक्ततावाद म्हणजे गरिबाकडे पाठ, असं जे सरसकट बोललं जातं ते म्हणूनच मला पटत नाही. त्याचा निकाल समाधानाच्या वक्राच्या आकारावर ठरतो, आणि तो आकार गृहीत धरणाऱ्याने उघडपणे सांगायला हवा.

दुसऱ्या तराजूला, मॅक्सिमिनला, हा वक्र लागतच नाही. तो फक्त तळचं घर पाहतो. १६ हे ९ पेक्षा जास्त, म्हणून दुसरी वाटणी बरी; वाटेत २५ हजार गळाले याची तो नोंदही घेत नाही. जॉन रॉल्स यांनी १९७१ साली या विचाराला बळ दिलं. त्यांची कल्पना अशी: आपण कोणत्या घरात जन्मणार हे ठाऊक नसताना, अज्ञानाच्या पडद्याआडून समाजाचे नियम ठरवा. पडद्याआडचा माणूस तळाचं घर आपल्या वाट्याला येईल हे धरूनच सावध निवड करेल, असं रॉल्स म्हणाले.

गंमत अशी की पडद्याआडून निवड करण्याची हीच कल्पना जॉन हर्सान्यी यांनी १९५०च्या दशकातच मांडली होती आणि त्यांचं उत्तर उलटं होतं. प्रत्येक घर वाट्याला येण्याची शक्यता सारखी, एक तृतीयांश असेल, तर शहाणा माणूस समाधानाची सरासरी पाहील, म्हणजे उपयुक्ततावादीच ठरेल. मॅक्सिमिनवर त्यांनी घेतलेला आक्षेपही झोंबणारा होता. न्यूयॉर्कमध्ये कंटाळवाणी, कमी पगाराची नोकरी आहे आणि शिकागोत छान नोकरी मिळते आहे, पण तिथे विमानाने जावं लागेल. सर्वांत वाईट शक्यताच पाहायची तर विमान पडेल म्हणून ती नोकरी नाकारावी लागेल.

आमच्या वस्तीत तिसरी वाटणी आणली की मॅक्सिमिनची अडचण स्पष्ट दिसते: तिन्ही घरांना १७-१७ हजार. दुसऱ्या वाटणीच्या तुलनेत तळाला हजार रुपये जास्त, म्हणून मॅक्सिमिन हिलाच निवडतो. त्या हजारासाठी मधल्या घराचे १९ हजार आणि वरच्याचे ३२ हजार गेले. वर्गमुळाने मोजा किंवा लॉगने, उपयुक्ततावाद ही वाटणी नाकारतो. रॉल्स यांना असे आकडे सुचवता येतात हे मान्य होतं. पण आपला नियम समाजाच्या मूळ रचनेसाठी आहे, आणि तिथे वेगवेगळ्या थरांचं उत्पन्न एकमेकांशी बांधलेलं असल्याने तळाचा इतका थोडा लाभ आणि वरच्यांचं इतकं मोठं नुकसान सहसा एकत्र येत नाही, असं त्यांचं उत्तर होतं. ते खरं की नाही, हे प्रत्येक कर आणि प्रत्येक योजनेची गळती मोजूनच कळतं.