फाइल उघडली, पण अ‍ॅनिमेशन पोचलं का? एफबीएक्स, जीएलटीएफ आणि बीव्हीएचविषयीचे गैरसमज

अ‍ॅनिमेशन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचं म्हटलं की ‘एफबीएक्स कर आणि पाठव’ हे वाक्य ठरलेलं असतं. फाइल जाते, उघडते, पात्र हलतंही. मग पाय घसरतात, दोन सेकंदांची हालचाल दहा सेकंद चालते किंवा पूर्ण गिरकी घेणारी नर्तकी जागची हलत नाही. फाइल बिघडली असं तेव्हा वाटतं. पण बहुतेक वेळा फाइल ठीक असते. जे नेण्याची सोय त्या फॉरमॅटमध्ये नव्हतीच, ते मागे राहिलेलं असतं.

उदाहरण म्हणून मोशन कॅप्चरची एक लहान क्लिप घेऊ. नर्तकी दोन पावलं चालते आणि एक गिरकी घेते. सेकंदाला 120 फ्रेम्स या वेगाने टिपलेल्या 240 फ्रेम्स, म्हणजे दोन सेकंद. ही क्लिप बीव्हीएचमधून ब्लेंडरमध्ये येणार, तिथे पात्राला बसणार, एफबीएक्समधून मायावर काम करणाऱ्या सहकाऱ्याकडे जाणार आणि शेवटी जीएलटीएफ होऊन ब्राउझरमध्ये दिसणार.

गैरसमज: बीव्हीएच म्हणजे साधी फाइल, तिच्यात चुकण्यासारखं काही नाही

बीव्हीएच हा बायोव्हिजन या मोशन कॅप्चर कंपनीचा फॉरमॅट. फाइल साध्या मजकुराची असते आणि नोटपॅडमध्ये उघडते. वरच्या भागात सांगाडा, खालच्या भागात हालचाल:

```
ROOT Hips
{
  OFFSET 0.0 0.0 0.0
  CHANNELS 6 Xposition Yposition Zposition Zrotation Xrotation Yrotation
  JOINT LeftUpLeg
  {
    OFFSET 9.0 -6.0 0.0
    CHANNELS 3 Zrotation Xrotation Yrotation
...
MOTION
Frames: 240
Frame Time: 0.0083333
```

याखाली प्रत्येक फ्रेमची एक ओळ असते. वीस जॉइंट्स असतील आणि फक्त कमरेला सहा चॅनल्स असतील, तर एका ओळीत 63 आकडे येतात. पात्राचा मेश, स्किनिंगची वेट्स आणि चेहऱ्याचे ब्लेंडशेप्स यांना या फाइलमध्ये जागाच नाही. हे बहुतेकांना माहीत असतं. अडचण होते ती फाइल ज्याबद्दल गप्प राहते त्याची.

पहिली गोष्ट एकक. आकडे सेंटीमीटर आहेत, इंच आहेत की मीटर, हे फाइल कुठेच सांगत नाही. पहिल्या फ्रेममध्ये कमरेची उंची 95च्या आसपास असेल तर सेंटीमीटर आणि 0.95 असेल तर मीटर, असा अंदाज आपणच बांधायचा. ब्लेंडर एक एकक म्हणजे एक मीटर धरतो. त्यामुळे सेंटीमीटरची फाइल तशीच आणली तर नर्तकीची कंबर 95 मीटर उंचीवर जाते. इम्पोर्ट करतानाच `Scale` 0.01 ठेवावा.

दुसरी गोष्ट वेळ. `Frame Time` फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेला असतो, पण ब्लेंडरचा इम्पोर्टर आपण काही न सांगता बीव्हीएचची एक फ्रेम आपल्या सीनच्या एका फ्रेमवर ठेवतो. सीन 24 फ्रेम्सचा असेल तर 240 फ्रेम्स दहा सेकंद चालतात. पाचपट संथ. `Scale FPS` चालू केलं की हालचाल पुन्हा दोन सेकंदांत बसते.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बीव्हीएचमध्ये प्रत्येक जॉइंटचं वळण तीन कोनांत लिहितात आणि ते कोन कोणत्या क्रमाने लावायचे हे `CHANNELS`च्या ओळीत असतं. वर तो Z, X, Y असा आहे. वाचणाऱ्या स्क्रिप्टने X, Y, Z धरून टाकला तर आकडे तेच राहतात, पोझ बदलते. ही चूक लपते, कारण कोन लहान असले किंवा वळण मुख्यतः एकाच अक्षाभोवती असलं तर क्रमाने फारसा फरक पडत नाही. साधं चालणं बरोबर दिसतं आणि नर्तकी हात डोक्यावर नेते तेव्हा खांदा पिळवटतो. म्हणून बीव्हीएच तपासताना चालण्याच्या फ्रेम्सवर विश्वास ठेवू नये. हात सर्वांत वर असलेली फ्रेम आधी पाहावी.

गिरकीचंही असंच. कमरेचा कोन 179 अंशांवरून पुढच्या फ्रेमला -179वर येतो. प्रत्यक्षात कंबर दोनच अंश वळलेली असते. प्रत्येक फ्रेम वेगळी पाहिली तर काही चूक नाही. पण 120 फ्रेम्सची क्लिप 25 फ्रेम्सच्या सीनमध्ये बसवली की दोन नोंदींच्या मधली किंमत काढावी लागते. सरळ सरासरी घेतली तर ती शून्याच्या आसपास येते आणि एका फ्रेमपुरती नर्तकी उलट दिशेला तोंड करते. काही इम्पोर्टर हे सांभाळून घेतात, काही घेत नाहीत. मायाच्या ग्राफ एडिटरमधला `Euler Filter` याच कामाचा आहे.

आता पोझ. सगळे कोन शून्य केले की सांगाडा ज्या अवस्थेत उभा राहतो तीच बीव्हीएचची मूळ पोझ. ती `OFFSET`वरून ओळखता येते. डाव्या कोपराचा ऑफसेट X दिशेला असेल तर हात आडवे पसरलेले आहेत आणि उणे Y दिशेला असेल तर खाली सोडलेले. आपलं पात्र वेगळ्या पोझमध्ये बांधलेलं असेल, तर रिटार्गेट करण्यापूर्वी दोघांची पोझ जुळवून घ्यावी. नाहीतर हात सबंध क्लिपभर तेवढ्याच कोनाने चुकत राहतात.

गैरसमज: एफबीएक्समध्ये रिग जसाच्या तसा जातो

रिग जात नाही, रिगने घडवलेला परिणाम जातो. जॉइंट्सची उतरंड, मेश, वेट्स, ब्लेंडशेप्स आणि वळणांचे कर्व्ह एफबीएक्स नेतो. आयकेचे कंट्रोल, ड्रायव्हर, स्वतः बांधलेली यंत्रणा मागे राहते. काही साध्या कन्स्ट्रेंट्सना फॉरमॅटमध्ये जागा आहे, पण समोरचं सॉफ्टवेअर त्या वाचेलच असं नाही. आयकेवर चालणारा पाय पलीकडे पोचतो तो मांडी, गुडघा आणि घोट्याच्या प्रत्येक फ्रेमवरच्या कीज होऊन. यालाच आपण बेक करणं म्हणतो. सहकाऱ्याला पाऊल दोन सेंटीमीटर पुढे हवं असेल तर त्याच्या हातात कंट्रोल नसतो, फक्त कीजची गर्दी असते.

याच टप्प्यावर पाय घसरू लागतात. ब्लेंडरच्या एफबीएक्स एक्स्पोर्टमध्ये `Bake Animation`खाली `Simplify` नावाचा आकडा असतो आणि तो सुरुवातीलाच 1.0 असतो. फारशा महत्त्वाच्या न वाटणाऱ्या कीज तो गाळतो. समजा, त्यामुळे मांडीच्या कोनात एका फ्रेमला अर्ध्या अंशाचा फरक पडला. 90 सेंटीमीटरच्या पायाच्या टोकाशी तो जवळजवळ आठ मिलिमीटर होतो. हवेतल्या पायाला ते खपून जातं. जमिनीवर टेकलेलं पाऊल मात्र आठ मिलिमीटर मागेपुढे झालं की लगेच डोळ्यात भरतं. पावलं टेकणाऱ्या कुठल्याही क्लिपला मी `Simplify` शून्य ठेवते. फाइल मोठी होते, होऊ द्यावी.

तिथेच `Add Leaf Bones` बंद करावं. ते चालू राहिलं तर प्रत्येक साखळीच्या टोकाला `_end` नावाचं एक जास्तीचं बोन जोडलं जातं आणि फाइल दोनदा जाऊन परत आली की टोकांना टोकं फुटत जातात.

एफबीएक्स सगळीकडे सारखाच वाचला जातो, हाही समज खरा नाही. हा फॉरमॅट 1996 मध्ये कायडाराच्या फिल्मबॉक्स या सॉफ्टवेअरबरोबर आला आणि 2006 मध्ये एलियसच्या खरेदीबरोबर ऑटोडेस्ककडे गेला. त्याचं संपूर्ण विवरण खुलं नाही. ऑटोडेस्कची एसडीके वापरणारे एका बाजूला आणि फाइलची रचना उलगडून स्वतःचा वाचक लिहिणारे ब्लेंडरसारखे दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती आहे. एफबीएक्सचा रिवाज सेंटीमीटरचा, ब्लेंडरचा मीटरचा. म्हणून पलीकडे पोचल्यावर आर्मेचरच्या स्केलवर 100 किंवा 0.01 दिसू शकतो. दिसताना सगळं बरोबर असतं, पण त्या आर्मेचरच्या बोनला तलवार अडकवली की ती शंभरपट मोठी किंवा लहान होते.

एक गोष्ट मात्र एफबीएक्स नीट राखतो. वळणाचे कर्व्ह तीन कोनांचेच राहतात, त्यामुळे 0 पासून 360पर्यंतची गिरकी दोन कीजमध्येही गिरकीच राहते.

गैरसमज: जीएलटीएफ नवा आणि खुला आहे, म्हणून आता सगळीकडे तोच वापरावा

तो खुला आहे हे खरं. ख्रोनोस ग्रुपने 2.0 आवृत्ती 2017 मध्ये आणली आणि 2022 मध्ये ती आयएसओ मानक झाली. एकक मीटर, Y अक्ष वर, सगळं लिहून ठरवलेलं. बीव्हीएचच्या गप्प बसण्यानंतर हा मोठा दिलासा वाटतो. पण हा फॉरमॅट शेवटच्या टप्प्यासाठी, म्हणजे तयार झालेलं दृश्य ब्राउझरमध्ये किंवा गेममध्ये दाखवण्यासाठी घडवलेला आहे. पुन्हा हातात घेऊन काम करण्यासाठी नाही.

जीएलटीएफमध्ये वळण क्वाटर्निअनमध्ये, म्हणजे चार आकड्यांत लिहितात. त्यामुळे कोनांच्या क्रमाचा घोळच उरत नाही. पण क्वाटर्निअन फक्त दिशा सांगतो, किती फेऱ्या झाल्या ते नाही. `LINEAR` पद्धतीत दोन कीजच्या मधला प्रवास नेहमी जवळच्या वाटेने होतो. 0 अंश आणि 360 अंश या एकाच दिशा. म्हणून फाइलमध्ये एवढ्या दोनच कीज गेल्या तर नर्तकी वळतच नाही. 270 अंशांच्या गिरकीला ती 90 अंश उलटी वळते. गिरकी दर फ्रेमला नोंदवून पाठवली की हा प्रश्न सुटतो. ब्लेंडरच्या एक्स्पोर्टमध्ये `Sampling Animations` सुरुवातीपासून चालू असतं. फाइल लहान करायच्या नादात ते कुणी बंद करू नये.

वेळ फाइलमध्ये सेकंदांत असते, फ्रेमचा आकडा नसतो. 24 फ्रेम्सच्या सीनमधली सातवी फ्रेम 0.2917 सेकंद म्हणून जाते. 30 फ्रेम्सच्या सीनमध्ये परत आणली की ती 8.75वर पडते. दाखवायला याने काही बिघडत नाही, पण कीज हलवून सुधारणा करायची म्हटली की सगळ्या कीज फ्रेम्सच्या अधेमधे लटकलेल्या दिसतात.

वेट्सचं लक्षात ठेवावं. दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने एका बिंदूवर चार जॉइंट्सचा प्रभाव हाताळला तरी मानक पूर्ण होतं. आपल्या पात्राच्या खांद्यावर किंवा गालावर सहा-सात जॉइंट्सची वेट्स असतील तर जास्तीची गाळली जाऊ शकतात आणि कातडी थोडी टोकदार वळते. आणि जीएलटीएफमधलं बोन म्हणजे नुसता एक बिंदू आणि त्याची दिशा. लांबी आणि टोक नाही. ब्लेंडरमध्ये परत आणताना `Bone Dir` या पर्यायाने टोकं अंदाजाने काढली जातात. हालचाल बरोबर राहते, पण त्या बोन्सवर नवा आयके बसवणं जिकिरीचं होतं.

म्हणून आमच्या क्लिपचा मार्ग ठरतो तो पलीकडचा माणूस तिचं काय करणार यावरून. नुसती हालचाल हवी आणि पात्र त्याचं स्वतःचं, तर बीव्हीएच, सोबत एकक आणि मूळ पोझ सांगणारी एक ओळ लिहून. कातडीसकट पात्र पुढे घडवायचं असेल तर एफबीएक्स. पडद्यावर फक्त चालवायचं असेल तर जीएलटीएफ. नियंत्रणांसकट रिग या तिन्हींपैकी कशातच राहत नाही, तो मूळ `.blend` किंवा `.mb` फाइलमध्येच जपावा लागतो.

पाठवण्यापूर्वी निर्यात केलेली फाइल रिकाम्या सीनमध्ये परत आणावी आणि तीन फ्रेम्स निवडाव्यात: पाऊल जमिनीवर पूर्ण टेकलेली, हात सर्वांत वर असलेली आणि गिरकीच्या ऐन मध्यावरची. तिन्हींत उजव्या पायाच्या अंगठ्याची आणि मनगटाची सीनमधली जागा मूळ फाइलशी ताडून पाहावी. पहिल्या फ्रेमला काही मिलिमीटरचा फरक आला तर संशय `Simplify`वर. दुसरीत मनगट भलतीकडे असेल तर कोनांचा क्रम किंवा मूळ पोझ. तिसरीत नर्तकीचं तोंड चुकीच्या दिशेला असेल तर दोन कीजच्या मधली वाट. आणि तिन्ही आकडे एकाच पटीने, शंभरपट किंवा शंभराव्या हिश्शाने, चुकत असतील तर एककाशिवाय दुसरं काही शोधत बसू नये.