तिकीट कॅन्सल करताय? आधी घड्याळ बघा!

शुक्रवारची संध्याकाळ. आम्ही चौघं, एक पीएनआर, स्लीपरची चार कन्फर्म तिकिटं आणि दुसऱ्या दिवशी रात्री ११.०५ ची कोकणकन्या. सीएसएमटी ते मडगाव. बॅगा निम्म्या भरून झालेल्या. तेवढ्यात डिपार्टमेंटच्या ग्रुपवर मेसेज पडला : 'बुधवारची प्रॅक्टिकल सोमवारी होईल.' झालं! गोवा गेलं उडत.

मग नेहमीसारखी चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, "आत्ताच कॅन्सल करू." दुसरा म्हणाला, "अरे, ४८ तास कधीच उलटले. पैसे कापलेच जाणार आहेत, मग घाई कशाला? उद्या सरांना भेटू, विनंती करू." सगळ्यांना ते पटलं. शनिवारी सर भेटले एक वाजता आणि त्यांनी 'नाही' म्हणायला दोन मिनिटंही घेतली नाहीत. दीड वाजता माझ्या रूममेटनं तिकिटं कॅन्सल केली. चौघांचे पैसे त्यानंच भरले होते, तेही मेसच्या पैशांतून.

आता हिशेब बघा. कोकणकन्याचं स्लीपरचं तिकीट चारशेच्या आसपास असतं. गणित सोपं व्हावं म्हणून आपण ४४० रुपये धरू. चौघांचे झाले १,७६० रुपये. त्यातले परत आले ८८०. बरोब्बर निम्मे. हेच काम शनिवारी सकाळी अकराच्या आत केलं असतं, तर १,२८० आले असते. म्हणजे अडीच तासांच्या उशिरानं ४०० रुपये गेले. आणि गंमत म्हणजे, ज्या ४८ तासांची आम्ही एवढी हळहळ करत होतो, त्या ४८ तासांचा आमच्या तिकिटाशी काही संबंधच नव्हता!

हे कसं, ते समजून घ्या. पुढच्या वेळी तुमचे पैसे वाचतील.

रेघा तीन, पण तुमच्यासाठी किती?

कन्फर्म तिकिटाच्या रिफंडचे हे नियम १२ नोव्हेंबर २०१५ पासून लागू झाले. गाडीच्या वेळापत्रकातल्या सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजायचं. त्या वाटेवर तीन रेघा आहेत : ४८ तास, १२ तास आणि ४ तास.

गाडी सुटायला ४८ तासांपेक्षा जास्त वेळ असेल, तर प्रत्येक प्रवाशामागे एक ठरलेली रक्कम कापली जाते. सेकंड सीटिंगला ६० रुपये, स्लीपरला १२०, एसी थ्री टिअर आणि एसी चेअर कारला १८०, एसी टू टिअरला २०० आणि एसी फर्स्टला २४०. एसीच्या कपातीवर ५ टक्के जीएसटी वेगळा लागतो, स्लीपर आणि सेकंड सीटिंगला तो नाही. ४८ ते १२ तासांच्या मध्ये रद्द केलं, तर भाड्याच्या २५ टक्के कापतात. १२ ते ४ तासांच्या मध्ये ५० टक्के. आणि शेवटच्या चार तासांत काहीच परत मिळत नाही.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. आपण विसरतो ते एक छोटं वाक्य : टक्केवारीनं येणारी कपात त्या ठरलेल्या रकमेपेक्षा कमी असू शकत नाही. म्हणजे २५ टक्के काढल्यावर आकडा लहान आला, तरी कापायची ती ठरलेली रक्कमच.

आमचंच तिकीट घ्या. ४४० चे २५ टक्के म्हणजे ११० रुपये. पण स्लीपरची किमान कपात १२०. म्हणून ११० नाही, १२० कापणार. ४८ तासांच्या आधी किती कापले असते? तेही १२०! म्हणजे पंधरा दिवस आधी रद्द करा, शुक्रवारी संध्याकाळी करा किंवा शनिवारी सकाळी अकराला करा, कपात एकच. ४८ तासांची रेघ आमच्यासाठी जणू पुसलेलीच होती. खरी रेघ होती १२ तासांची. रात्री ११.०५ ची गाडी, म्हणजे सकाळचे ११.०५. ती ओलांडली आणि १२० चे थेट २२० झाले.

यातून एक सोपा नियम निघतो. तुमच्या क्लासच्या ठरलेल्या रकमेला चारनं गुणा. तिकीट त्याच्या आत असेल, तर ४८ तासांची काळजी सोडा. स्लीपरला हा आकडा ४८० येतो, एसी थ्री टिअरला ७२०. स्लीपरनं घरी जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची तिकिटं या आकड्याच्या आतच असतात.

एसीत मात्र ४८ तास खरे

तेच गणित महागड्या तिकिटाला लावून बघा, चित्र एकदम बदलतं. समजा, एसी थ्री टिअरचं तिकीट १,२०० रुपयांचं आहे. ४८ तासांच्या आधी १८० कापतील, जीएसटीसह १८९. ४८ तासांची रेघ ओलांडली की २५ टक्के, म्हणजे ३०० आणि जीएसटी धरून ३१५. १२ तासांच्या आत आलात की ६००, जीएसटीसह ६३०. इथे प्रत्येक रेघेवर खिशाला वेगळी चाट बसते. म्हणून एसीचं तिकीट असेल आणि जाणं डळमळीत वाटत असेल, तर निर्णय दोन दिवस आधी घ्यायचा. स्लीपर असेल, तर बारा तासांपर्यंत आरामात वाट बघायची. सरांना भेटायचं असेल, तर सकाळी अकराच्या आत भेटायचं!

दुसरं टोक सेकंड सीटिंगचं. पुण्याहून सकाळी ७.१५ ला सुटणाऱ्या डेक्कन क्वीनचं सेकंड सीटिंगचं तिकीट शंभर रुपयांच्या आसपास. त्याचे निम्मे पन्नास, पण किमान कपात ६०. म्हणजे तिथे १२ तासांची रेघही पुसली जाते. कधीही रद्द करा, ६० जाणार आणि चाळीसेक परत येणार. अट एकच : वेळ संपायच्या आत करायचं. आणि खरी गोची तिथेच आहे.

सकाळच्या गाडीचा सापळा

७.१५ च्या गाडीचे चार तास आधी म्हणजे पहाटेचे ३.१५. तुम्ही म्हणाल, रात्री झोपताना बघू. पण दुपारी बारापर्यंत सुटणाऱ्या गाड्यांचा चार्ट सहसा आदल्या रात्रीच तयार होतो. एकदा चार्ट लागला की ऑनलाइन तिकीट नेहमीच्या पद्धतीनं रद्द होत नाही. मग टीडीआर भरावा लागतो. टीडीआर म्हणजे रिफंडसाठीचा ऑनलाइन अर्ज. हा अर्जही गाडी सुटण्याच्या चार तास आधी भरलेला नसेल, तर कन्फर्म तिकिटावर एक रुपयाही मिळत नाही. 'राहू दे, नंतर टीडीआर टाकू' हा सल्ला हॉस्टेलवर फुकट मिळतो आणि महागात पडतो. त्यामुळे सकाळची गाडी असेल, तर आदल्या दिवशी संध्याकाळीच काय ते ठरवा.

अशीच अडचण मधल्या स्टेशनवर चढणाऱ्यांची होते. चार्ट साधारणपणे गाडी जिथून निघते तिथल्या वेळेनुसार काही तास आधी तयार होतो. गाडी दूरवरून येत असेल, तर तुमच्या स्टेशनवर ती पोहोचायच्या कितीतरी आधी चार्ट लागलेला असू शकतो. तुम्ही आपल्या स्टेशनची वेळ बघून निवांत बसता आणि तिकडे दार बंद झालेलं असतं.

टीडीआरचा खरा उपयोग वेगळा आहे. गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट झाली आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर तुमच्या स्टेशनवरून ती प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर भरा. पूर्ण भाडं परत मिळतं. रेल्वेनंच गाडी रद्द केली, तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप खात्यात येतात, काही भरावं लागत नाही.

सगळं तिकीट रद्द करायची गरज आहे का?

चौघांपैकी एकालाच जमत नसेल, तर पूर्ण तिकीट रद्द करू नका. आयआरसीटीसीवर 'Booked Ticket History' मध्ये जाऊन 'Cancel Ticket' उघडलं की प्रवाशांची नावं दिसतात. ज्याला जायचं नाही, फक्त त्याच्या नावासमोर खूण करायची. कपात प्रवाशागणिक असल्यामुळे बाकीच्यांना काही फरक पडत नाही. पण खूण करताना नाव दोनदा वाचा. चुकून दुसऱ्याचं रद्द झालं, तर ते मागे घेता येत नाही.

कॉलेजची सहल असेल, तर आणखी एक वाट आहे. मान्यताप्राप्त कॉलेजच्या प्राचार्यांनी गाडी सुटण्याच्या ४८ तास आधी रेल्वेला लेखी विनंती केली, तर एका विद्यार्थ्याचं कन्फर्म तिकीट त्याच कॉलेजच्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या नावावर करता येतं. घरच्यांपैकी कुणाच्या नावावर करायचं असेल, तर २४ तास आधी अर्ज द्यावा लागतो. ही सवलत एकदाच मिळते. आणि 'तू जा माझ्या तिकिटावर' असं परस्पर मित्राला सांगून चालत नाही. नाव बदललेलं नसेल, तर तो विनातिकीट धरला जाईल.

दोन गोष्टींत मात्र कुठलंच घड्याळ मदत करत नाही. कन्फर्म तत्काळ तिकीट स्वतःहून रद्द केलं, तर रिफंड शून्य, मग ते बुक केल्यावर दहा मिनिटांत का असेना. आणि बुकिंग करताना आयआरसीटीसीनं घेतलेलं सुविधा शुल्क कधीच परत येत नाही. यूपीआयनं पैसे भरले, तर ते नॉन-एसीला १० आणि एसीला २० रुपये असतं, शिवाय जीएसटी.

नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ बुकिंग १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. त्यामुळे होळीची तिकिटं काढायची वेळ आता येईलच. आमच्या ग्रुपनं यंदा एक सवय लावून घेतली आहे. तिकीट बुक झालं की त्याच मिनिटाला फोनमध्ये अलार्म लावायचा. स्लीपर असेल तर गाडीच्या तेरा तास आधीचा, एसी असेल तर एकोणपन्नास तास आधीचा. अलार्म वाजला की ग्रुपवर एकच प्रश्न : जायचं की नाही?

रूममेटचे चारशे रुपये आम्ही वर्गणी काढून परत केले. अलार्म लावायचं काम आता त्याच्याकडेच आहे.